बाळाच्या खोलीचं तापमान: आधी कपडे, मग हवा, मग यंत्र

बाळाची खोली गार वाटली की हीटर, उकडलं की पंखा, हवा कोरडी वाटली की वाफेचं यंत्र. बहुतेक घरांत क्रम असा असतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. रात्री दहाला बरोबर वाटणारी खोली दोन वाजता भट्टी झालेली असते, आणि बाळ का किरकिरतंय हे कुणालाच कळत नाही. लहान बाळ पांघरूण सरकवू शकत नाही, मोठ्यांसारखा घाम गाळून अंग गार करू शकत नाही आणि गरम होतंय हे सांगूही शकत नाही. अंगावर गरजेपेक्षा जास्त थर आणि तापलेली खोली या दोन्ही गोष्टी झोपेत होणाऱ्या अचानक बालमृत्यूचा धोका वाढवणाऱ्या आहेत. म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी मोजायचं, मग कपडे ठरवायचे, मग हवा खेळती करायची आणि यंत्र सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत थांबायचं.

हा लेख पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी आहे. बाळ वेळेआधी जन्मलं असेल किंवा त्याचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर त्याला जास्त ऊब लागते. तिथे डॉक्टरांनी दिलेलेच आकडे पाळा.

कोणता आकडा खरा?

हा प्रश्न आधी मिटवू, कारण वेगवेगळे आकडे वाचून लोक बावचळतात. ब्रिटनमधला सल्ला १६ ते २० अंश सेल्सिअस असा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीच्या खोलीसाठी २५ ते २८ अंश सांगते. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन वेगळ्या बाळांसाठी. पहिला आकडा पूर्ण कपडे घातलेल्या, हलकं पांघरूण किंवा झोपायची पिशवी असलेल्या बाळाचा आहे. दुसरा नुकत्याच जन्मलेल्या, ओल्या, उघड्या बाळाचा. म्हणजे खोलीच्या आकड्याला कपड्यांशिवाय अर्थ नाही. उष्ण हवेत खोली २७ अंशांवर असली तरी पातळ, बिनबाह्यांच्या झबल्यात बाळ सुखात झोपतं. तेच बाळ २३ अंशांत टोपडं, मोजे आणि रजईत गुंडाळलं तर तापतं.

टप्पा १: नीट मोजा

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा साधा डिजिटल मापक पुरेसा आहे. तो कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून असतं. भिंतीवर खिळ्याला टांगलेला मापक भिंतीचा गारवा किंवा ऊब दाखवतो. खिडकीतला मापक बाहेरचं ऊन दाखवतो. मापक बाळ झोपतं त्या उंचीवर, पाळण्याच्या जवळ, पण बाळाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. भिंत, खिडकी, हीटर, दिवा आणि पंख्याचा थेट झोत यांपासून तो लांब हवा. जागा बदलली की आकडा स्थिरावायला अर्धा तास लागतो, तोवर त्यावर विश्वास ठेवू नका.

गार हवा खाली बसते. बाळ जमिनीवरच्या गादीवर झोपत असेल आणि मापक टेबलावर असेल, तर आकडा दोन-तीन अंशांनी फसवू शकतो. वातानुकूलन यंत्राच्या रिमोटवरचा आकडा तर खोलीचा नसतोच. यंत्राला काय करायला सांगितलंय, एवढंच तो दाखवतो.

आर्द्रतेचे स्वस्त मापक बऱ्याचदा चुकीचे असतात, पण घरी पारखता येतात. बाटलीच्या एका झाकणात मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब घाला. मीठ विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत एकत्र ठेवा आणि खोलीत एका जागी रात्रभर राहू द्या. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ६९ दाखवत असेल तर पुढे त्याच्या प्रत्येक आकड्यात ६ मिळवा. मापकावर तसा कागद चिकटवून ठेवलात तर रात्री डोकं चालवावं लागत नाही.

टप्पा २: आकडा बघून कपडे

नियम सोपा आहे. त्या खोलीत मोठ्या माणसाला जेवढे कपडे सुखाचे वाटतात, त्यापेक्षा बाळाला फार तर एक थर जास्त. त्यावरून पुढचा अंदाज येतो:

- २७ अंशांच्या वर: फक्त लंगोट किंवा डायपर, फार तर एक पातळ सुती झबलं.
- २४ ते २७: अर्ध्या बाह्यांचं सुती झबलं.
- २१ ते २४: पूर्ण बाह्यांचा आणि पाय झाकणारा सुती कपडा.
- १८ ते २१: आत बिनबाह्यांचं झबलं, वर पूर्ण कपडा आणि हलकी झोपायची पिशवी.
- १८ च्या खाली: तेच कपडे, पिशवी जरा जाड.

झोपायची पिशवी म्हणजे बाह्या नसलेला, पायाकडे बंद असा झोळीसारखा कपडा. तिचा मोठा फायदा हा की ती तोंडावर येत नाही. सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी आणि जाड रजई एक वर्षाखालच्या बाळाच्या अंथरुणात नकोच. गळा आणि हात घालायची भोकं मापाची आहेत ना, तेवढं बघा, नाहीतर बाळ आत सरकतं.

दुपट्यात घट्ट गुंडाळणं हाही एक थर आहे, आणि बऱ्यापैकी जाड. गुंडाळणार असाल तर आतला एक कपडा कमी करा. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद.

*इशारा:* घरात झोपताना टोपडं नको. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि जास्तीची उष्णता बाहेर टाकायची ती मुख्य वाट आहे. थंडीच्या दिवसांत टोपडं काढायला घरातले मोठे सहज तयार होत नाहीत. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा बाळाच्या मानेला त्यांचाच हात लावून दाखवा.

टप्पा ३: पंखा आणि गार हवा

पंखा खोली गार करत नाही, हवा हलवतो. वारा कातडीवरून गेला की अंगाची उष्णता निघून जाते. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा लावून ठेवण्यात काही अर्थ नाही. खोलीचं तापमान कातडीच्या जवळ, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास पोहोचलं की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. मोठ्या माणसाला तेव्हाही घामामुळे थोडं बरं वाटतं, पण लहान बाळाला तेवढा घाम येत नाही. अशा दुपारी नुसत्या पंख्याच्या भरवशावर न राहता घरातली सगळ्यात गार खोली शोधा आणि बाळाला तिथे न्या.

छताचा पंखा मंद ठेवा आणि पाळणा त्याच्या बरोबर खाली ठेवू नका. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून किंवा फिरता ठेवा, म्हणजे खोलीत हवा खेळते पण झोत एकाच जागी बसत नाही. त्याची वायर पाळण्यापासून लांब हवी. मच्छरदाणी लावली असेल तर आत वारा बराच कमी पोहोचतो. तेव्हा बाहेर उभं राहून अंदाज बांधू नका, आत हात घालून बघा.

पाण्याचा कूलर कोरड्या हवेत छान चालतो, पण तो हवेत ओल भरतो. खिडकी उघडी नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि गारवा संपतो. मापकावर ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता दिसली की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा.

वातानुकूलन यंत्र २४ ते २६ वर ठेवा, झोत वरच्या दिशेला आणि जाळी धुतलेली. इथली नेहमीची चूक वेगळीच आहे. मोठी माणसं झोपताना यंत्राला दोन-तीन तासांची वेळ लावून ठेवतात. बाळाला मात्र २४ अंशांचे कपडे घातलेले असतात. यंत्र बंद पडलं की बंद खोली भराभर तापते आणि पहाटे बाळ घामाने भिजलेलं सापडतं. रात्रभर एकाच आकड्यावर चालवा, नाहीतर कपडे यंत्र बंद झाल्यानंतरच्या खोलीच्या हिशोबाने घाला.

*इशारा:* उन्हापासून किंवा डासांपासून वाचवायला पाळण्यावर किंवा बाबागाडीवर चादर टाकू नका. कापड पातळ असलं तरी आत हवा कोंडते आणि तापमान चढत जातं.

टप्पा ४: हीटर

खोली १८ च्या खाली जात असेल आणि एक थर वाढवूनही बाळाची छाती गार लागत असेल, तेव्हाच हीटर. आधी पडदे ओढा, दाराखालची फट बुजवा, पाळणा बाहेरच्या भिंतीपासून हलवा. एवढ्यानेच पुष्कळदा काम भागतं.

हीटर निवडताना तो उष्णता कशी देतो ते बघा. तेल भरलेला, पट्ट्यापट्ट्यांचा रेडिएटर बाळाच्या खोलीसाठी मला सगळ्यात बरा वाटतो. तो हळू तापतो, आवाज करत नाही आणि लाल होत नाही. पंख्याचा ब्लोअर पटकन तापवतो, पण त्याचा झोत बाळावर येऊ द्यायचा नाही. लाल तापणाऱ्या कांडीचा हीटर मात्र टाळाच. त्याची उष्णता किरणांनी सरळ रेषेत जाते, हवा त्या मानाने कमी तापते. त्यामुळे मापकावर १९ अंश दिसतात आणि हीटरसमोरच्या बाळाचा गाल भाजून निघत असतो.

जळणारं काहीही झोपायच्या खोलीत नको. कोळशाची शेगडी, निखारे, धुराडं नसलेला गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर, सगळे त्यात आले. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. विजेचा हीटर ऑक्सिजन खातो असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, कारण त्यात काही जळत नाही.

लावायची पद्धत अशी:

१. हीटर पाळणा, पडदे, कपडे आणि गादीपासून किमान एक मीटर लांब ठेवा. रांगणारं बाळ असेल तर त्याच्याभोवती कठडा हवा.
२. पिन थेट भिंतीतल्या जाड पिनच्या सॉकेटमध्ये लावा, एक्सटेन्शन बोर्डवर नाही. दहा मिनिटांनी पिनेला हात लावून बघा. गरम लागत असेल तर हीटर बंद करा आणि सॉकेट दुरुस्त करून घ्या.
३. बाळ झोपण्याच्या पाऊण-एक तास आधी सुरू करा.
४. हवा असलेला आकडा यायच्या एक-दीड अंश आधीच हीटर कमी करा. तेलाचा रेडिएटर बंद केल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहतो आणि लोक नेमकं हेच विसरतात.
५. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. त्याचा थर्मोस्टॅट हीटरपाशी मोजतो, बाळापाशी नाही.
६. हीटरवर ओले कपडे वाळत घालू नका. आग लागते ती अशाच वेळी.

गरम पाण्याची पिशवी वापरायची तर अंथरूण उबवायला वापरा आणि बाळाला ठेवण्याआधी काढून घ्या. विजेची गादी किंवा विजेचं पांघरूण बाळासाठी कधीच नको.

टप्पा ५: आर्द्रता

४० ते ६० टक्के असली की पुरे. हीटर लावल्यावर हवा कोरडी होते, पण हीटर पाणी शोषत नाही. गरम हवेत जास्त पाणी मावतं, त्यामुळे तेवढंच पाणी टक्केवारीत कमी दिसतं. १० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा २२ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ३७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून खोली कोरडी झाली तर आधी हीटर एक-दोन अंश उतरवा. टक्केवारी आपोआप वर येते आणि यंत्र विकत घ्यावंच लागत नाही.

तरीही बाळाचं नाक रात्रभर चोंदत असेल आणि मापक सतत ३५ च्या खाली असेल, तर गार धुक्याचं यंत्र घ्या. उकळत्या पाण्याचं नको, कारण ते सांडलं तर बाळ भाजतं. यंत्र पाळण्यापासून एक-दीड मीटर लांब ठेवा आणि ५५ टक्के झाले की बंद करा. पाणी शक्यतो डिस्टिल्ड वापरा. साध्या पाण्यातले क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने हवेत उडतात. टाकी रोज रिकामी करून, धुऊन कोरडी करायची. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि तेच धुक्याबरोबर बाळाच्या फुप्फुसात जातात. रोज धुणं जमणार नसेल तर यंत्र नसलेलं बरं. पाण्यात सुगंधी तेल, बाम, कापूर यातलं काही घालू नका.

*तपासणी:* सकाळी खिडकीच्या काचेवर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा कोपऱ्यात काळपट बुरशी आली, तर ओल जास्त झाली आहे. यंत्र बंद करा आणि खिडकी दहा मिनिटं उघडा.

टप्पा ६: शेवटचा निकाल हाताचा

मापक खोलीबद्दल सांगतो, बाळाबद्दल नाही. हात धुऊन, पुसून, कोरडा आणि कोमट झाला की दोन बोटं बाळाच्या मानेच्या मागे आणि मग छातीवर कपड्याच्या आत ठेवा. ऊबदार आणि कोरडं लागलं तर सगळं ठीक. मान ओलसर किंवा छाती गरम लागली तर एक थर काढा. छाती गार लागली तर एक थर वाढवा.

हातापायांवरून काहीही ठरवू नका. लहान बाळाचे हातपाय बहुतेक वेळा गार असतात, कधी निळसरही दिसतात. रक्त आधी पोट, छाती आणि डोक्याकडे जातं म्हणून तसं होतं. गार पाय पाहून मोजे, त्यावर दुपटं, त्यावर रजई असा प्रवास सुरू होतो आणि आतलं बाळ तापत जातं. ओठ किंवा जीभ निळसर दिसली तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच दवाखाना.

घाम नाही म्हणजे बाळ तापलेलं नाही, असं समजू नका. लाल चेहरा, जोरात श्वास, तापलेलं पोट, अंगावर घामोळं आणि विनाकारण चुळबुळ या खुणा घामाआधीही दिसतात.

एका रात्रीचा हिशोब

चार महिन्यांचं बाळ, थंडीची रात्र, खोलीत आई-बाबाही झोपणार. संध्याकाळी आठला मापकावर १६ अंश आणि ६० टक्के. पडदे ओढून तेलाचा रेडिएटर लावला. पावणेनऊला १८.५ अंश झाले तेव्हा तो कमी केला आणि नऊपर्यंत खोली आपोआप २० वर गेली. आर्द्रता ४७ टक्क्यांवर आली, म्हणजे धुक्याच्या यंत्राची गरज नाही. बाळाला आत सुती झबलं, वर पूर्ण कपडा, हलकी पिशवी. टोपडं नाही. दहाला मान ऊबदार आणि कोरडी.

दोनला दूध पाजायला उठल्यावर मापकावर २३ आणि मान ओलसर. हीटर वाढवलेला नव्हता, मग खोली तापली कशाने? दार बंद आणि आत दोन मोठी माणसं. झोपलेला माणूसही साधारण ७०-८० वॅट उष्णता सोडत असतो, दोघांची मिळून एखाद्या लहान हीटरएवढी. इथे घाईने पंखा लावणं चुकीचं, कारण ओल्या अंगावर वारा आला की बाळ पटकन गारठतं. मान पुसली, पिशवी काढली, दार अर्धं उघडलं, हीटर पूर्ण बंद केला. एवढं करून वीस मिनिटं थांबायचं. अडीचला मान कोरडी आणि छाती ऊबदार. खोली अजून २२ वर, त्यामुळे पिशवी बाजूलाच.

चारच्या सुमारास खोली १९.५ वर उतरली, तेव्हा पिशवी परत घातली. पाचला १९ अंश, बाळाचे हात गार, छाती ऊबदार. इथे काहीही करायचं नाही. पुढच्या रात्रीसाठी धडा एकच: हीटर १८ वरच कमी करायचा आणि दार सुरुवातीपासून किलकिलं ठेवायचं.

बाळ तापलंय असं वाटलं तर

१. गार खोलीत न्या, एक-दोन थर काढा, ओलं अंग पुसा.
२. दूध पाजा. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी देऊ नका.
३. साध्या किंवा कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने अंग पुसता येईल. बर्फ किंवा थंडगार पाणी नको.
४. १५-२० मिनिटांनी काखेत थर्मामीटर लावा. ३६.५ ते ३७.५ अंश असेल आणि बाळ नीट दूध पीत असेल, तर काळजी नाही.

तापमान ३८ किंवा त्याहून जास्त आलं आणि बाळ तीन महिन्यांखालचं असेल, तर कपडे जास्त झाले असतील असं म्हणून घरी बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. कपडे काढूनही आकडा उतरत नसेल, बाळ मलूल असेल, जागं करूनही दूध ओढत नसेल किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर वय काहीही असो, रात्रीच निघा. काखेतलं तापमान ३६.५ च्या खाली असेल तर बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरा, वरून पांघरूण घ्या आणि अर्ध्या तासाने परत मोजा. तेव्हाही आकडा चढला नसेल किंवा मुळातच ३६ च्या खाली असेल, तर बाळाला तसंच छातीशी धरून दवाखान्यात न्या.